तीन मिनिटांची फिल्म, दोन जिने आणि एक हजेरी
आग लागल्यावर ऑफिस रिकामे करण्याचा व्हिडिओ बनवताना : पटकथा, खर्च, कागदपत्रे

सोलापूरच्या नवी पेठेत तुमचे ऑफिस असेल तर ते बहुधा वरच्या मजल्यावर असेल. खाली दुकान, दुकानाच्या कडेने जिना, जिन्याच्या तोंडाशी दुचाकींची रांग. मागे दुसरा जिना असलाच तर त्यावर जुन्या फायलींचे गठ्ठे आणि तळाशी कुलूप लावलेली जाळी. अशा इमारतीसाठी इंटरनेटवरून उतरवलेला चकाचक काचेच्या ऑफिसचा तयार व्हिडिओ कुचकामी आहे. त्यात दिसणारा रुंद, उजळ जिना तुमच्याकडे नाही. कर्मचारी तो बघतील, मान डोलावतील आणि आग लागली की रोजच्या सवयीने पुढच्या जिन्याकडेच धावतील.

म्हणून व्हिडिओ तुमच्याच इमारतीत, तुमच्याच माणसांना घेऊन करा. महागडा कॅमेरा लागत नाही, नेमकी पटकथा लागते. ती दोन संध्याकाळी लिहून होते. कशी लिहायची, कुठे पैसे जातात आणि कुठे वाचवू नयेत, ते पाहू.

लिहिण्याआधी चालून बघा

कागद हातात घेण्याआधी प्रत्येक टेबलापासून रस्त्यापर्यंत दोन्ही जिन्यांनी चाला. मोबाइलवर वेळ लावा. दिवसा एकदा आणि संध्याकाळी दिवे बंद करून एकदा, कारण आगीत वीज जाते किंवा मुद्दाम तोडली जाते. तीन गोष्टी टिपून ठेवा : कुठे अडखळायला होते, कुठल्या दाराची किल्ली कुणाकडे असते आणि कुठले दार आतल्या बाजूला उघडते. मागच्या जाळीची किल्ली वॉचमनकडे आणि वॉचमन चहाला, अशी स्थिती असेल तर पटकथा नंतर लिहा, आधी ते कुलूप काढा. आतून हाताने सरकणारी कडी बसवायला फॅब्रिकेटर अर्धा दिवस घेतो.

इथे एक पळवाट सर्रास वापरली जाते, ती टाळा. शूटिंगपुरते गठ्ठे हलवायचे, जिना झाडून पुसून घ्यायचा आणि संध्याकाळी सगळे पुन्हा जागच्या जागी. असा व्हिडिओ नसलेला बरा. पडद्यावर मोकळा दिसलेला जिना धुरात आडवा आला तर तुमच्याच फिल्मने माणसांना फसवलेले असेल.

कागदपत्रे

व्हिडिओसाठी कसलीही ‘फायर एनओसी’ लागत नाही. कुणी त्यासाठी पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा. मात्र हे कागद जवळ असू द्या : मजल्याचा हाताने काढलेला का होईना नकाशा, मजलावार कर्मचारी यादी, जिना सामायिक असेल तर जागामालकाचे किंवा सोसायटीचे संमतीपत्र, आणि कॅमेऱ्यात दिसणाऱ्या प्रत्येकाची सही असलेली दोन ओळींची संमती. ड्रिलच्या वेळी अग्निशमन दलाची माणसे हवी असतील तर सोलापूर महानगरपालिकेच्या अग्निशमन विभागाला लेटरहेडवर अर्ज द्या. तारीख, वेळ, पत्ता, माणसांची संख्या लिहा आणि आवक शिक्का मारलेली प्रत घ्या. शुल्क लागते का ते तिथेच विचारा. लागलेच तर पावतीवरच भरा.

ज्या इमारतींना महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 लागू आहे, त्यांना अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते. ते फक्त परवानाधारक एजन्सी देऊ शकते. ‘फॉर्म बी, सिलिंडर रिफिलिंग आणि ड्रिलचा व्हिडिओ, एकाच पॅकेजात’ अशी ऑफर आली तर आधी एजन्सीच्या परवान्याची प्रत आणि मुदत बघा. पॅकेजमधला व्हिडिओ बहुधा साच्यातला असतो, नाव बदलून दहा ऑफिसांना दिलेला. प्रमाणपत्र एजन्सीकडून घ्या, व्हिडिओ स्वतः करा.

पटकथा : आधी काय काढून टाकायचे

मराठी निवेदन सावकाश, कळेल असे वाचले तर मिनिटाला साधारण 110 ते 120 शब्द होतात. तीन मिनिटांच्या फिल्ममध्ये अधूनमधून शांतताही लागते. म्हणजे तुमच्या हातात जेमतेम 250 शब्द आहेत. त्यात साहेबांचे मनोगत, कंपनीचा लोगो, आगीचे प्रकार आणि कायद्याची कलमे बसत नाहीत. बसवली तर जिना राहून जातो.

सिलिंडर चालवायचा प्रसंगही या फिल्ममध्ये घेऊ नका. लोकांना तोच भाग आवडतो आणि तोच लक्षात राहतो; मग बाहेर पडायच्या वेळी चार जण सिलिंडर शोधत बसतात. नेहमीचा पावडरचा सिलिंडर काही सेकंदांतच रिकामा होतो. त्याची वेगळी क्लिप करा, तीही ज्यांना प्रशिक्षण दिले आहे त्यांच्यापुरती. छुपा खर्च इथेच असतो : शूटिंगसाठी सिलिंडर एकदा जरी दाबला तरी दाब टिकत नाही, तो पुन्हा भरावाच लागतो. सरावाला रिफिलिंगची तारीख जवळ आलेला सिलिंडर घ्या. तो तसाही भरायचाच होता.

फिल्ममध्ये चारच कृती ठेवा : उठणे, दुसरा जिना गाठणे, खाली एका ठरलेल्या जागी जमणे, हजेरी देणे. बाकी सगळे भिंतीवरच्या फलकावर जाऊ द्या.

पहिली पंधरा सेकंदे

माणसे आगीत जिन्यावर जितका वेळ घालवतात, तितकाच, पुष्कळदा जास्त, खुर्चीत बसून घालवतात. हूटर वाजला की माणूस आधी शेजारच्याकडे बघतो. शेजारचा बसलेला असेल तर तोही बसतो. ‘कुणीतरी टेस्ट करत असेल’ हे वाक्य तुमच्याही ऑफिसात म्हटले जाईल. म्हणून फिल्मची सुरुवात तिथूनच करा. उदाहरण म्हणून दुसऱ्या मजल्यावरचे 34 माणसांचे ऑफिस धरू. पुढे एक जिना, मागे बोळात उतरणारा एक जिना. पटकथेचे पहिले पान असे :

*दृश्य 1. अकाउंट्स विभाग. सकाळचे 11. हूटर वाजतो. कोपऱ्यात सेकंद मोजणारे घड्याळ सुरू.*
*कर्मचारी 1 (स्क्रीनवरून नजर न काढता) : टेस्टिंग असेल.*
*कर्मचारी 2 शेजारी बघतो, पुन्हा टायपिंग सुरू करतो. घड्याळ : 9… 10… 11…*
*पिवळे जाकीट घातलेली व्यक्ती आत येते.*
*जाकीट : उठा. सामान राहू दे. मागच्या जिन्याने चला.*
*सगळे उठतात.*

त्या तीन छोट्या आज्ञांवर मेहनत घ्या. ‘कृपया सर्वांनी शांतता राखून सुरक्षित मार्गाने बाहेर पडावे’ असे कुणी संकटात बोलत नाही आणि ऐकणाऱ्यालाही काय करायचे ते कळत नाही. नुसत्या हूटरपेक्षा ओळखीच्या माणसाने दिलेल्या थेट सूचनेने लोक लवकर हलतात. जी वाक्ये फिल्ममध्ये तीच प्रत्यक्ष ड्रिलमध्ये, एकही शब्द न बदलता. सोलापुरात एका ऑफिसात मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी बोलणारे एकत्र असतात. निवेदन मराठीत ठेवा, पण ‘उठा’ आणि ‘मागच्या जिन्याने’ या दोन सूचना तुमच्या माणसांच्या भाषांत पडद्यावर मोठ्या अक्षरात द्या. सफाई कामगार आणि वॉचमन यांना दाखवून त्या कळतात का ते विचारा. अनुवाद ऑफिसातल्याच कुणाकडून करून घेतला तर फुकट होतो. स्टुडिओ प्रत्येक भाषेचे वेगळे पैसे लावतो.

जिना आणि धूर

दुसऱ्या दृश्यात पुढचा जिना बंद दाखवा. सवय मोडायची असेल तर सवयीची वाट अडलेली डोळ्यांनी दिसली पाहिजे. जाकीटवाली व्यक्ती दाराला तळहाताची मागची बाजू लावते, दार गरम आहे म्हणून न उघडता वळते. पाच सेकंदांचा शॉट, संवाद नको.

धुरासाठी डीजेवाल्याकडून स्मोक मशीन भाड्याने आणण्याचा मोह होतो. भाडे वेगळे, माणूस वेगळा, शिवाय त्या धुराने स्मोक डिटेक्टर वाजतात आणि खालचे दुकानदार धावत वर येतात. काही पेटवून धूर करणे तर मुळीच नको. मोबाइलच्या लेन्ससमोर वरच्या अर्ध्या भागात बटर पेपरचा तुकडा धरा. फ्रेमचा वरचा भाग पांढुरका धूसर होतो, खालचा स्वच्छ राहतो. धूर वर साचतो म्हणून वाकून चालायचे, हे निवेदनाशिवाय कळते. खर्च दहा रुपये.

तिसऱ्या दृश्यात मागचा जिना वरपासून रस्त्यापर्यंत सलग दाखवा, कॅमेरा चालणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, मध्ये कट नको. बघणाऱ्याने ती वाट मनात एकदा चालून घेतली पाहिजे. कुठे वळण आहे, कुठली पायरी तुटकी, कडी कुठल्या बाजूला सरकते, हे सगळे दिसू द्या. त्याच शॉटचे शेवटचे दहा सेकंद दिवे बंद करून, टॉर्चच्या उजेडात घ्या. लिफ्टसमोरून जाताना कुणी तिच्याकडे बघतसुद्धा नाही, एवढे पुरे.

पायाने अधू, गरोदर किंवा दम्याचा त्रास असलेले कुणी असेल तर त्यांच्यासोबत कोण उतरणार ते आधी त्यांनाच विचारून ठरवा आणि जिन्यावर ती जोडी दिसू द्या. वेगळे दृश्य करून त्यांना मुद्दा बनवू नका.

एकच जिना असेल तर

बऱ्याच जुन्या इमारतींत दुसरा जिना नाही. तिथे पटकथा बदलते आणि हा भाग सगळ्यांत काळजीने लिहावा लागतो. जिन्यात धूर भरलेला असेल तर धुरात उतरायचे नाही. रस्त्याकडे खिडकी असलेल्या खोलीत जायचे, दार लावायचे, फटीला ओले कापड कोंबायचे, 101 ला फोन करायचा आणि खिडकीतून कापड हलवत दिसत राहायचे.

खोली कुठली हे नाव घेऊन सांगा : ‘कॉन्फरन्स रूम, रस्त्याकडची.’ नाहीतर माणसे जवळचे बंद दार गाठतात आणि ते बहुधा शौचालयाचे असते. मुंबईत 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्री कमला मिल्सच्या आगीत 14 जण गेले. त्यांतले बरेच शौचालयात आसऱ्याला गेले होते आणि तिथेच गुदमरले. फिल्ममध्ये शौचालयाच्या दारावर लाल फुली दोन सेकंद दाखवा. रस्त्याकडच्या खिडकीला न उघडणारी जाळी असेल तर ती खोली बाद. आधी जाळीला बिजागरी बसवून घ्या. आपल्याच अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत 18 मे 2025 ला पहाटे टॉवेल कारखान्याला आग लागून 8 जणांचा मृत्यू झाला. कारखान्याच्या आवारात राहणाऱ्या माणसांना बाहेर पडता आले नाही. बाहेर पडायची वाट कुठली, हा प्रश्न तुमच्या ऑफिसात कुणी विचारला तर त्याला घाबरट ठरवू नका.

खाली उतरल्यावर : गाड्या, फोन, हजेरी

नवी पेठेत खाली आलेल्या माणसाचा पहिला विचार स्वतःच्या दुचाकीचा असतो. दहा जण गाड्या काढायला लागले की जिन्याचे तोंड बंद आणि वरचे वीस जण अडकले. हा प्रसंग फिल्ममध्ये हवाच. एक जण खिशातून किल्ली काढतो, जाकीटवाली व्यक्ती म्हणते, ‘गाडी राहू दे, पुढे चल.’ लोक हसतील आणि लक्षात ठेवतील.

जमायची जागा जिन्याच्या तोंडाशी किंवा इमारतीला लागून नको. वरून काचा पडतात. बंब जिथून आत वळणार तो कोपराही नको. उन्हाळ्यात सावली बघा, नाहीतर एप्रिल-मेच्या उन्हात हजेरी पुरी व्हायच्या आत माणसे पांगतात. जागेचे नाव दुकानाच्या पाटीवरून ठेवू नका, पाट्या बदलतात. चौक, झाड, विजेचा खांब, असे काहीतरी कायमचे घ्या.

फोनचे दृश्य 20 सेकंदांचे. 101, नाही लागला तर 112. बोलायचे ते या क्रमाने :

*‘नवी पेठ, अमुक चौकाजवळ, अमुक इमारत, दुसरा मजला. वायरिंगला आग लागली आहे. सगळे बाहेर आले आहेत की नाही ते मोजतो आहोत. माझा नंबर अमुक. बंब अमुक बाजूने आत येईल, आमचा माणूस तोंडाशी उभा आहे.’*

‘अमुक’च्या जागी तुमचा खराखुरा पत्ता घाला आणि तो कागद वॉचमनच्या टेबलावर चिकटवा. नुसते ‘नवी पेठ’ सांगून भागत नाही. समोरच्याने फोन ठेवल्याशिवाय आपण ठेवायचा नाही. हातगाड्या आणि गाड्यांच्या गर्दीत बंबाला वाट करून देणारा माणूस पटकथेत ठरवून टाका. हे काम आयत्या वेळी कुणी अंगावर घेत नाही.

शेवटचे दृश्य हजेरी. यादी मोबाइलवर नको, मोबाइल वर टेबलावर राहिलेला असतो. छापील यादी पिवळ्या जाकिटाच्या खिशात, त्या दिवशीच्या रजा आणि बाहेर गेलेल्यांच्या खुणांसह. 34 पैकी 33 आले असे दाखवा. कुणीतरी ‘मी बघून येतो’ म्हणत वळतो. त्याला अडवले जाते, आणि राहिलेल्याचे नाव व टेबल अग्निशमन दलाच्या माणसाला सांगितले जाते. इथे फिल्म संपवा. टाळ्या नकोत, संगीतही नको.

खर्च

मोबाइलवर केले तर कॉलरचा माइक आणि स्टँड एवढीच खरेदी, त्यासाठी 1,500 ते 3,000 रुपये धरा. माइकवर काटकसर करू नका. चित्र हलले तर चालते, सूचना ऐकू आली नाही तर फिल्म वाया. न दिसणारा खर्च माणसांच्या वेळेचा. 34 जणांचा अर्धा तास म्हणजे 17 तास. सरासरी पगार महिना 18,000 धरला, 26 दिवस आणि रोज 8 तास, तर तासाला साधारण 87 रुपये, म्हणजे एकूण सुमारे 1,500 रुपये. मालक ‘काम बुडते’ म्हणाले तर हा आकडा समोर ठेवा.

व्हिडिओवाल्याकडून करून घेणार असाल तर कोटेशनचा मोठा आकडा बघू नका, खालची बारीक अक्षरे बघा. समजा अर्ध्या दिवसाचे शूटिंग आणि एडिटिंगचे 12,000 सांगितले. मग दोन दुरुस्त्यांचे 2,000, सबटायटलचे 1,500, मूळ फूटेज हार्ड डिस्कवर हवे तर 3,500. झाले 19,000. त्यावर 18 टक्के जीएसटी 3,420. हातात बिल 22,420 रुपयांचे. म्हणून कामाआधीच लिहून घ्या : जीएसटी धरून एकूण किती, किती दुरुस्त्या मोफत, मूळ फूटेज आणि प्रोजेक्ट फाइल तुमच्या मालकीची. अर्धी रक्कम आगाऊ, अर्धी फाइल हातात आल्यावर. सिनेमातले गाणे पार्श्वभूमीला लावायला कुणी सुचवले तर नको म्हणा, हक्काचे पैसे तुमच्या अंगावर येतात.

मोठा छुपा खर्च पुन्हा शूटिंग करण्याचा असतो. फिल्ममध्ये ‘कुलकर्णी साहेब हजेरी घेतील’ म्हटले आणि ते नोकरी सोडून गेले की फिल्म जुनी झाली. नावे नको, पिवळे जाकीट ठेवा. ते आज कुणी घालायचे आणि तो रजेवर असेल तर कुणी, हे दाराजवळच्या फलकावर लिहा. प्रत्येक दृश्य वेगळी फाइल म्हणून जपा. जिना बदलला तर तेवढेच दृश्य पुन्हा करता येते.

वेळ आणि तपासणी

पटकथेला दोन संध्याकाळी, शूटिंगला एक सकाळ, एडिटिंगला दोन-तीन दिवस. जिना आणि रस्त्याचे शॉट दुकाने उघडण्याआधी घ्या, पण गाड्यांचा प्रसंग मात्र गर्दीच्या वेळी, नाहीतर तो खोटा वाटतो. हूटर वाजवण्याआधी खालच्या दुकानदारांना तोंडी आणि अग्निशमन दलाला फोनवर कळवा, दारावर ‘मॉक ड्रिल सुरू आहे’ असा कागद लावा. नाहीतर गर्दी जमते आणि कुणीतरी खरोखरच बंब बोलावतो.

फिल्म दाखवल्यावर आठवड्याच्या आत ड्रिल घ्या. पुढच्या जिन्यावर ‘धूर’ लिहिलेला पुठ्ठा टांगा, आधी कुणाला सांगू नका. तीन वेळांची नोंद करा : हूटरपासून पहिला माणूस उठेपर्यंत, शेवटचा रस्त्यावर येईपर्यंत, हजेरी पुरी होईपर्यंत. पहिला आकडा मोठा असेल तर पहिल्या दृश्यातल्या आज्ञा चुकल्या आहेत. लोक पुठ्ठ्यापाशी जाऊन थबकले तर मागच्या जिन्याचा शॉट पुरेसा स्पष्ट नाही. उतरायला लागला त्याहून जास्त वेळ हजेरीला लागला तर यादी किंवा जागा चुकली आहे. जे दृश्य चुकले तेवढेच पुन्हा करा. महिन्याभराने चार-पाच जणांना सहज जाता-येता विचारा : दुसरा जिना कुठला, जमायचे कुठे, हजेरी कोण घेणार? अडखळले तर तेवढी 30 सेकंदांची क्लिप ग्रुपवर टाका, अख्खी फिल्म नको.

पुढचे ड्रिल फॉर्म बीच्या महिन्यांना जोडून घ्या, जानेवारी आणि जुलै, म्हणजे तारीख वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही. आणि दृश्य बदलले की जुनी क्लिप प्रत्येक ग्रुपवरून, नव्या माणसांना देण्याच्या पेनड्राइव्हवरून आणि रिसेप्शनच्या टीव्हीवरून त्याच दिवशी काढून टाका.